तुम्ही विचारलंत म्हणून: पोस्टमध्ये किलो का नसतात

"मॅडम, अपॉइंटमेंटच्या पोस्टमध्ये किती किलो उतरतील ते का लिहीत नाही? आधीचे-नंतरचे फोटो तरी टाका!"

नाही टाकणार. आणि दर वेळी 'रिझल्ट नसतील म्हणून लपवतेय' असं ऐकायचा आता कंटाळा आलाय.

पूर्वी मी एका सेंटरमध्ये नोकरीला होते. महिन्यात चार किलो, नाहीतर पैसे परत. दर सोमवारी सगळ्यांसमोर वजन. तिथे एक काकू यायच्या, मधुमेहाच्या, सकाळी ग्लिमेपिराइड घेणाऱ्या. ही गोळी पोटात घास असो-नसो, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, म्हणून ती खाण्यासोबतच घ्यायची. काटा हलका दिसावा म्हणून काकूंनी आदल्या रात्री जेवण टाळलं आणि सकाळी नुसती गोळी घेऊन आल्या. रांगेतच त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, बोलणं अडखळलं. ग्लुकोमीटरवर साखर ५४ पर्यंत घसरलेली. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, १५ मिनिटांनी परत तपासलं तेव्हा ८१, मग माझ्या डब्यातली पोळी-भाजी खायला लावली. जरा सावरल्यावर त्यांनी पहिलं काय विचारलं? "वजन किती भरलं गं?"

सव्वा किलो उतरलं होतं. त्यातलं बरंचसं पाणीच असणार. खाणं एकदम तोडलं की यकृतात आणि स्नायूंत साठलेलं ग्लायकोजेन, म्हणजे राखीव साखर, कमी होत जातं, आणि त्याच्या दर ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी निघून जातं. नीट जेवल्यावर ते परत येतं. फलकावर मात्र काकूंच्या नावापुढे सव्वा किलो लागला, टाळ्यांसकट.

मला आकड्यांचं वावडं नाही हो. कंबरेचं माप घेते, तीन महिन्यांनी सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी बघते. गुडघे दुखणाऱ्याला वजन उतरवायला हवं हेही तोंडावर सांगते. फक्त ते त्याच्या फाइलमध्ये राहतं.

माझी पोस्ट अशी असते:

"शनिवारी सकाळी १० ते १. प्रत्येकी पाऊण तास. चालू गोळ्यांची यादी आणि अलीकडचे रिपोर्ट आणा. तीन दिवसांचं खाणं लिहून आणा, त्यात एक सुट्टीचा दिवस हवा. उपाशी येऊ नका. वजन करायचं की नाही ते तुम्ही ठरवा. किती उतरेल ते आधी सांगता येत नाही."

सेंटरमधली मी म्हणायची, आकडा दिसल्याशिवाय माणूस दार उघडत नाही. ती अगदीच चुकत नव्हती. माझे निम्मे शनिवार रिकामे जातात. आणि दुसरीकडे जाणाऱ्याला तिथे गोळ्यांबद्दल कोण विचारतं, हा प्रश्न आहेच. मैत्रीण म्हणते, शेवटचं वाक्य तरी काढ. महिनाअखेरीला भाडं भरताना मलाही तसं वाटतं. अजून काढलेलं नाही.