नवं काय, ते पहिल्याच वाक्यात

ऐरोली आणि वाशीच्या खाडीकाठावर तिवरांमधल्या सूक्ष्मप्लास्टिकवर माझं पीएचडीचं काम चालू आहे. या कामाचा अ‍ॅबस्ट्रॅक्ट एका परिषदेत पोस्टरसाठी स्वीकारला गेला होता. पुढच्या परिषदेच्या फॉर्मवर मी ‘ओरल’, म्हणजे तोंडी सादरीकरण, निवडलं, तेव्हा माझ्या गाइड मॅडम म्हणाल्या, “पोस्टरपाशी लोक थांबतात, वाचतात, विचारतात. ओरलची निवड करणाऱ्यासमोर मात्र अ‍ॅबस्ट्रॅक्टचा गठ्ठा असतो. तुझं नवं काय, ते त्याला पहिल्या वाक्यात दिसलं पाहिजे.”

जुन्या मजकुराची सुरुवात अशी होती (मूळ इंग्रजीत, इथे मराठीत सांगते): ‘ठाणे खाडी ही महत्त्वाची पाणथळ परिसंस्था असून तिचा काही भाग 2022 मध्ये रामसर क्षेत्र म्हणून घोषित झाला आहे.’ वाक्य खरं आहे, पण खाडीवर काम करणारा कुणीही ते लिहील. त्यापुढे कांदळवनांचं महत्त्व, मग प्लास्टिक प्रदूषण, मग नमुने कसे घेतले ते. आमचं निरीक्षण थेट शेवटाकडे.

ते निरीक्षण थोडक्यात सांगते. तिवराची श्वसनमुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली असतात आणि त्यांच्यावर शैवालाचा हिरवट, बुळबुळीत थर असतो. ओहोटीला आम्ही तो थर ब्लेडने खरवडून घेतला, शेजारचा गाळही घेतला आणि दोन्हींत काय सापडतं ते वेगवेगळं मोजलं. गाळात तुटक्या प्लास्टिकचे तुकडे जास्त होते, तर मुळांवरच्या थरात बारीक तंतू जास्त.

पहिल्या प्रयत्नात मी लिहिलं, ‘श्वसनमुळांवरील सूक्ष्मप्लास्टिकचा अभ्यास येथे प्रथमच करण्यात आला.’ मॅडमनी ‘प्रथमच’खाली रेघ मारली. “कुठे प्रथमच? खाडीत, देशात, जगात? सभागृहातल्या एकाने जरी आधी केलं असेल, तरी चर्चा तिथेच अडकेल. आणि अभ्यास केला हे नवं नाही, त्यातून काय कळलं ते नवं.” हे मला मनापासून पटलं. ‘प्रथमच’ म्हटलं की बोलणं आपल्याबद्दल होतं, खाडी बाजूलाच राहते.

दुसऱ्या प्रयत्नात निष्कर्ष आला, पण त्याच वाक्यात ठिकाणं, ऋतू, गाळण्याची पद्धत आणि आकडेही आले. आमच्या लॅबमधली एक ज्युनिअर प्राणिप्लवकांवर काम करते, तिला या विषयाची सवय नाही. तिला ते वाक्य एकदाच वाचून दाखवलं आणि कागद बाजूला ठेवून विचारलं, काय सापडलं सांग. ती म्हणाली, “ताई, तुम्ही मुळं आणि गाळ दोन्ही तपासलंत.” म्हणजे तिच्यापर्यंत पद्धत पोचली, निष्कर्ष पोचला नाही.

मग मी फरकाच्या पुढचा प्रश्न घेतला: या फरकामुळे काय बदलतं? त्यातून वाक्य आलं: ‘कांदळवनात फक्त गाळ तपासला तर प्लास्टिक तंतूंचं प्रमाण कमी दिसू शकतं, कारण ऐरोली-वाशीच्या काठांवर हे तंतू तिवराच्या श्वसनमुळांवरील शैवालात जास्त आढळले.’ ज्युनिअरने ऐकून लगेच विचारलं, “मग नुसत्या गाळावरून काढलेल्या आकड्यांचं काय?” निवड करणाऱ्याच्या मनातही हाच प्रश्न यावा अशी माझी इच्छा होती. ‘दिसू शकतं’ आणि ठिकाणांची नावं मुद्दाम ठेवली. दोन काठांवरून, एका ऋतूत, याहून मोठं बोलता येत नाही.

दावा पुढे आला की त्यावरची शंकाही पुढे येते. तंतू म्हटलं की या विषयातला माणूस पहिल्यांदा विचारणार, ते तुमच्याच कपड्यांचे कशावरून नाहीत? हवेतून आणि कपड्यांतून तंतू सहज नमुन्यात पडतात. आम्ही सुती एप्रन घालत होतो आणि काम चालू असताना शेजारी ओला फिल्टर पेपर उघडा ठेवून त्यावर पडलेले तंतू मोजून वजा करत होतो. जुन्या मजकुरात याचा उल्लेखच नव्हता, शब्दमर्यादेमुळे गाळला होता. आता ते दुसरं वाक्य झालं. तिसऱ्यात लिहिलं की निवडक कणांचं प्लास्टिक असणं एफटीआयआर या अवरक्त किरणांच्या चाचणीने तपासलं आहे. सगळे कण तपासलेले नाहीत, म्हणून ‘निवडक’ हा शब्द हवाच.

यासाठी जागा करताना रामसरचं वाक्य शेवटी एका उपवाक्यात गेलं, कांदळवनांचं महत्त्व पूर्ण गेलं आणि ‘निष्कर्षांची चर्चा केली जाईल’ हेही गेलं. शीर्षकही बदललं. ‘ठाणे खाडीतील सूक्ष्मप्लास्टिकचा अभ्यास’ याऐवजी श्वसनमुळं आणि तंतू हे दोन शब्द शीर्षकात आणले.

ओरलसाठी निवड झाली. दहा मिनिटं बोलले, पहिल्या स्लाइडवर तेच वाक्य होतं, आणि पहिला प्रश्न फिल्टर पेपरचाच आला.