प्ले स्टोअरचं पान मराठीत: फक्त भाषांतर टाकून काम भागतं का?

"आमचं ॲप प्ले स्टोअरवर आहे, लिस्टिंग इंग्लिशमध्ये आहे. ती मराठीत केली तर मराठीत शोधणारे लोक खरंच येतात का, आणि इंग्लिशचं भाषांतर करून टाकलं की झालं का?"

येतात. पण भाषांतर करून टाकलं की झालं, असं नाही. का ते एका ॲपवरून सांगते, कारण त्या ॲपच्या लिस्टिंगवर मी स्वतः काम केलंय आणि त्यात या कामातल्या जवळजवळ सगळ्या अडचणी आल्या. ॲप साधं आहे, घरोघरी दूध घालणाऱ्यांसाठी हिशोबाचं. कुणाकडे किती लिटर, गाईचं की म्हशीचं, कोणत्या दिवशी दिलं नाही, महिनाअखेर बिल किती. इंग्लिश लिस्टिंगमध्ये मिल्क, लेजर, डिलिव्हरी, मॅनेजमेंट असे शब्द होते, आणि भाषांतर करणाऱ्याने त्याचं "दुग्ध वितरण व्यवस्थापन" करून दिलं होतं. व्याकरणात काही चूक नाही, पण दूध घालणारा माणूस फोन हातात घेऊन हे शब्द कधीच टाकणार नाही.

म्हणून आम्ही आधी ॲपचा मालक ज्यांना ओळखतो अशा दूधवाल्यांना फोन करून विचारलं, "काका, असं ॲप शोधायचं झालं तर स्टोअरमध्ये काय टाकाल?" उत्तरं अगदी ठरावीक आली. दूध हिशोब. दुधाचा हिशोब. दूध बिल. कुणी म्हणालं रतीब, कुणी म्हणालं खाडे मांडायचं ॲप. हा खाडा शब्द इंग्लिश लिस्टिंगमध्ये कुठून येणार, तिथे फक्त दूध न दिलेला दिवस असा काहीतरी लांबलचक उल्लेख होता, आणि खरं तर खाडे नीट मांडता यावेत म्हणूनच हे लोक ॲप घेतात, महिनाअखेरची सगळी भांडणं खाड्यांवरूनच होतात. माझं म्हणणं एवढंच आहे की मराठी लिस्टिंग गिऱ्हाइकाच्या तोंडून लिहायला घ्यावी, इंग्लिश मजकूर समोर उघडा ठेवूच नये.

प्ले स्टोअरमध्ये कीवर्ड टाकायला वेगळी जागा नसते. शोधासाठी मजकूर म्हणून नाव, छोटं वर्णन आणि मोठं वर्णन हेच तुमच्या हातात असतं. मर्यादा आहेत नावाला 30, छोट्या वर्णनाला 80 आणि मोठ्याला 4000 कॅरेक्टर. आता यात मराठीला एक अडचण येते जी पहिल्यांदा करणाऱ्याला कळतच नाही: काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त, सगळं वेगळं मोजलं जातं. "दूध उत्पादक शेतकऱ्यांसाठी हिशोब" ही ओळ डोळ्याला पंधरा अक्षरांची दिसते, पण मोजणीत स्पेस धरून 31 भरते, म्हणजे नावात बसतच नाही. एकट्या "शेतकऱ्यांसाठी"ला 13 लागतात. शिवाय "ॲप" हा शब्द एका कीबोर्डवर दोन कॅरेक्टरमध्ये होतो आणि दुसऱ्यावर अ, मध्ये न दिसणारा जोडणारा कोड, मग चंद्र, मग प, असा चार कॅरेक्टरचा होतो, दिसायला दोन्ही जवळपास सारखेच. म्हणून नाव लिहिताना जोडाक्षरं आणि विभक्तीचे लांब प्रत्यय टाळलेले बरे.

आमचं नाव शेवटी असं झालं: "दूध हिशोब: रतीब, खाडे, बिल". 26 कॅरेक्टर. लोक टाकतात तेच शब्द, मूळ रूपात. छोट्या वर्णनात "सकाळ-संध्याकाळचं दूध, खाडे आणि महिन्याचं बिल मोबाईलवर. इंटरनेट नसलं तरी चालतं." हे 78 होतं, बरोबर बसलं. मराठीत प्रत्यय लागला की शब्दच बदलतो, दूध दीर्घ आणि दुधाचा ऱ्हस्व, त्यामुळे मोठ्या वर्णनात दोन्ही रूपं सहज वाक्यात येतील असं लिहिलं, तसंच हिशोब आणि हिशेब दोन्ही, कारण लोक दोन्ही लिहितात. पण खाली शब्दांची नुसती रांग लावू नका, प्ले स्टोअरच्या नियमात ते बसत नाही, आणि नावात "मोफत" किंवा "नंबर वन" असलंही काही चालत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, जो बहुतेक जण विचारतच नाहीत. मराठी लिस्टिंग नक्की कुणाला दिसते? कन्सोलमध्ये तुम्ही mr-IN या भाषेत जी लिस्टिंग भरता ती ज्यांची भाषा मराठी लावलेली आहे त्यांना दिसते. शोध मराठीत टाकला म्हणून पान मराठीत उघडतं असं नाही. आणि आपल्याकडे फोन इंग्लिशमध्ये ठेवून मराठी टाइप करणारे प्रचंड आहेत, त्या दूधवाल्या काकांचाही फोन इंग्लिशच, दुकानदाराने दिला तसाच. त्यांच्यासमोर बहुधा en-IN, म्हणजे भारतातल्या इंग्लिशची लिस्टिंग येणार. म्हणून काम दोन पानांवर करावं लागतं. आम्ही en-IN वेगळी भरली आणि तिच्या छोट्या वर्णनात लोक रोमनमध्ये टाकतात ते शब्द, dudh hishob, ratib, khade, एका सरळ वाक्यात घेतले, आणि ॲप मराठीत चालतं हेही तिथेच लिहिलं. वेगळ्या देशांसाठी वेगळं पान करता येतं, पण फक्त महाराष्ट्रासाठी पान करायची सोय देशाच्या निवडीत नाही, त्यामुळे en-IN मध्ये सगळा मजकूर मराठीच करून टाकणं बरोबर नाही, तेच पान इंदूर आणि हैदराबादवाल्यांनाही दिसतं.

आता स्क्रीनशॉट. मजकूर मराठीत भरला आणि चित्रं भरली नाहीत तर मूळ भाषेचीच चित्रं दिसत राहतात, म्हणजे वर मराठी नाव आणि खाली इंग्लिश स्क्रीन. चित्रं जास्तीत जास्त आठ टाकता येतात पण स्क्रोल न करता दिसतात पहिली दोन-तीन, त्यामुळे सगळा जीव त्यांच्यात ओता. आमच्या पहिल्या चित्रात आता महिन्याचं बिल आहे, दुसऱ्यात खाडा मांडायची स्क्रीन. बिलावर म्हशीचं दूध, रोज 1 लिटर, दर 70 रुपये, 30 दिवसांत 2 खाडे, 28 लिटर, एकूण 1,960 रुपये. हे आकडे मुद्दाम जुळवलेत. बघणारा माणूस आयुष्यभर हाच हिशोब करत आलाय, तो चित्रातल्या चित्रात गुणाकार करून बघतो, आणि आकडा चुकला की ॲपवरचा विश्वासच उडतो. आधीच्या डिझाइनमध्ये ग्राहकांची इंग्लिश नावं आणि डॉलरचं चिन्ह होतं, ते सगळं काढलं. स्क्रीन मात्र खऱ्या ॲपची हवी, ॲप इंग्लिश आणि चित्र मराठीत रंगवलेलं असं करू नका, लोक फसवल्यासारखं मानतात आणि एक स्टार देऊन जातात, आणि त्यांचं बरोबरच असतं.

चित्रावर जो मथळा टाकतो तिथे अक्षरं मोडतात. काही डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपींसाठीची सेटिंग चालू केलेली नसते, मग "हिशोब"मधली पहिली वेलांटी ह च्या नंतर जाऊन बसते आणि "खाड्यांचा"मधला ड्या हलन्त दाखवून फुटतो. डिझायनरला मराठी वाचता येत नसेल तर त्याला ते दिसतही नाही, त्यामुळे तयार चित्र मराठी वाचणाऱ्या माणसाने मोबाईलच्या आकारात बघितल्याशिवाय अपलोड करू नका. दुसरं, इंग्लिश मथळ्याला अक्षरांमध्ये अंतर वाढवायची सवय असते, तेच मराठीला केलं की शिरोरेषा तुटते. आणि ओळींमधलं अंतर थोडं वाढवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. मुक्ता, बालू, नोटो सान्स देवनागरी हे फॉन्ट फुकट मिळतात आणि चांगले आहेत. ल आणि श मराठी वळणाचे हवे असतील तर मजकुराची भाषा मराठी म्हणून निवडा, ज्या फॉन्टमध्ये ती सोय आहे त्यात अक्षरं आपोआप बदलतात.

सगळं झाल्यावर पान कसं दिसतं ते बघायला फोनची भाषा बदलायची गरज नाही, ब्राउझरमध्ये तुमच्या ॲपच्या पत्त्याच्या शेवटी &hl=mr&gl=IN जोडा, तेवढंच.

मग एक गोष्ट उरते जी लिस्टिंगच्या बाहेरची आहे पण तिच्याशिवाय लिस्टिंग फुकट जाते. समजा काकांनी मराठी शब्द टाकून ॲप शोधलं, उतरवलं, उघडलं आणि समोर सगळं इंग्लिश, कारण फोन इंग्लिश. म्हणून पहिल्याच स्क्रीनवर भाषा विचारायला हवी. आम्ही विचारत होतो, तरीही रिव्ह्यू येत राहिले की मराठी निवडलं तरी इंग्लिशच दिसतं, आणि मालकाच्या स्वतःच्या फोनवर मात्र सगळं व्यवस्थित. कारण असं की प्ले स्टोअर ॲप बंडलमधून फोनच्या भाषेपुरतेच शब्द पाठवतं. इंग्लिश फोनवर मराठी शब्द पोचलेलेच नसतात, मग निवडून काय उपयोग, आणि डेव्हलपर थेट कॉम्प्युटरवरून ॲप टाकतो तेव्हा बऱ्याचदा सगळ्या भाषा सोबत जातात म्हणून त्याला हे कधी दिसतच नाही. ॲपच्या बिल्ड फाइलमध्ये एवढं टाकलं की सगळ्या भाषा सगळ्यांना जातात:

```
android {
    bundle {
        language {
            enableSplit = false
        }
    }
}
```

ॲपचा आकार थोडा वाढतो, पण त्यात नुसते शब्द असतात, त्यामुळे फारसा फरक पडत नाही. तपासताना मात्र प्ले स्टोअरच्या इंटर्नल टेस्टिंगमधून उतरवून, फोन इंग्लिश ठेवून तपासा.

आणि "खरंच येतात का" हे तुमच्या स्वतःच्या ॲपसाठी बघायचं असेल तर कन्सोलमध्ये स्टोअरच्या आकडेवारीत भाषेनुसार फोड मिळते, किती जणांनी पान बघितलं आणि त्यातल्या किती जणांनी ॲप घेतलं. मराठीची ओळ आणि en-IN ची ओळ दोन्ही बघा, मराठी शब्दांनी येणारे बरेच जण दुसऱ्या ओळीत मोजले जातात आणि फक्त पहिली बघून लोक म्हणतात काहीच फायदा नाही झाला. शोधशब्दांची यादीही तिथेच असते, पण थोड्याच लोकांनी टाकलेले शब्द एकत्र "इतर"मध्ये जातात, त्यामुळे लहान ॲपला खाडे हा शब्द यादीत कदाचित दिसणारच नाही. म्हणून आम्ही रिव्ह्यूही वाचतो, आणि आता त्यात मराठीतले वाढलेत, त्यांना उत्तरही मराठीतच देतो. परवा एका ताईंनी लिहिलं होतं की अर्धा लिटर सकाळी आणि एक लिटर संध्याकाळी असं वेगळं मांडता येत नाही. मांडता येतं खरं तर, पण ते आमच्या एकाही चित्रात नव्हतं, तर आता तिसरं चित्र त्याचं करतोय.