माझा अनुभव: १४१ दिवस थांबलेली पुल रिक्वेस्ट आणि ती बंद करणारा बॉट

आमच्या वाचनालयाची ग्रंथसूची पीडीएफमध्ये काढली तेव्हा ‘सह्याद्रीच्या दर्‍या’ या नोंदीचं ‘सह्याद्रीच्या दर्या’ झालेलं दिसलं. दरीचा समुद्र झाला. जुन्या नोंदी टाइप करणाऱ्यांनी हा ‘र्‍य’ र, हलन्त, एक न दिसणारं जोडचिन्ह (U+200D) आणि य असा काढला होता. पीडीएफ बनवणारी मुक्त स्रोत सॉफ्टवेअर लायब्ररी मजकूर साफ करताना न दिसणारी सगळी अक्षरं उडवत होती, त्यात तेही जात होतं. कारण सापडायला एक संध्याकाळ लागली. दुरुस्ती चौदा ओळींची होती. गिटहबवर त्या प्रकल्पाची स्वतःची प्रत म्हणजे फोर्क काढला, ब्रांच केली, आणि बदल स्वीकारा अशी विनंती म्हणजे पुल रिक्वेस्ट, थोडक्यात पीआर, टाकली. तारीख ३ जानेवारी, गेल्या वर्षीची.

इथपर्यंतचं कुणालाही जमेल, त्यावर जास्त लिहीत नाही. लिहायचं आहे ते पुढच्या चार महिन्यांबद्दल, कारण त्याचा राग अजून गेलेला नाही.

१४ जानेवारीला प्रकल्प सांभाळणाऱ्या एका मेंटेनर बाईंनी बदल पाहिला आणि एक चाचणी जोडायला सांगितली, ‘दर्या’ आणि ‘दर्‍या’ वेगळे राहतात हे दाखवणारी. १५ तारखेला मी ती जोडली, पुश केली, ‘झालं, बघाल का?’ असं लिहिलं. मग काहीच नाही.

१६ मार्चला पहिली हालचाल झाली, तीही माणसाची नाही. पीआरवर `Stale` लेबल लागलं आणि खाली बॉटचा मजकूर आला: साठ दिवसांत हालचाल नाही, सात दिवसांत काही झालं नाही तर बंद करू. हे साठ आणि सात दिवस प्रकल्पाने विचार करून ठरवलेले नव्हते. गिटहबच्या `actions/stale` या तयार बॉटमध्ये काहीच भरलं नाही तर हेच आकडे लागू होतात. बॉट पाहतो ती फक्त शेवटच्या बदलाची वेळ. थांबलंय कोण, बदल सुचवणारा की तपासणारा, हे त्याला कळत नाही. माझं काम झालेलं होतं, वाट मी पाहत होते, आणि नोटीस मलाच!

मी १८ मार्चला लिहिलं, ‘ही दुरुस्ती अजून हवी आहे, माझ्याकडून काही बाकी नाही.’ बॉटच्या पुढच्या फेरीत लेबल निघालं. बरं वाटलं, पण त्या ओळीने घड्याळ पुन्हा शून्यावर आलं, एवढंच झालं होतं. १७ मे रोजी दुसऱ्यांदा लेबल लागलं. तेव्हा मी मामेबहिणीच्या लग्नासाठी देवगडला होते आणि दहा दिवस मेल उघडला नव्हता. २४ मे रोजी पीआर बंद झाली.

३ जानेवारी ते २४ मे म्हणजे १४१ दिवस. त्यात पाळी माझ्यावर होती ती फक्त एक दिवस, १४ ते १५ जानेवारी. उरलेले १४० दिवस पाळी प्रकल्पाकडे होती. पण बॉटच्या हिशोबात ते सगळे दिवस सारखेच.

आता अडकलं कुठे होतं, ते सांगते. हे कळायला मला मेंटेनर बाईंना थेट पत्र लिहावं लागलं. त्यांनी त्याच दिवशी उत्तर दिलं. त्या म्हणाल्या, तुमच्या पुशनंतर मला तुमची पीआर दिसलीच नाही. तपासायला बसताना त्या यादी अशी गाळून घेतात:

```
is:pr is:open status:success review:required
```

म्हणजे स्वयंचलित चाचण्या हिरव्या झाल्या आहेत अशाच पीआर समोर येतात. त्यांच्यावर कामाचा ढीग आहे, गाळणी लावणं बरोबरच आहे. पण माझ्या पीआरवर चाचण्या हिरव्याही नव्हत्या आणि लालही नव्हत्या. त्या धावल्याच नव्हत्या. ज्याचा एकही बदल अजून प्रकल्पात गेलेला नाही त्याच्या पीआरवरच्या चाचण्या, गिटहबच्या मूळच्या सेटिंगप्रमाणे, मेंटेनरने मंजुरीचं बटण दाबल्याशिवाय सुरू होत नाहीत. आणि ही मंजुरी एकदा मिळून भागत नाही. पहिल्या वेळी बाईंनी बटण दाबलं होतं. १५ जानेवारीच्या पुशनंतर ते पुन्हा दाबायला हवं होतं, आणि ते राहून गेलं. पानाच्या तळाशी ‘1 workflow awaiting approval’ अशी पिवळी ओळ तेव्हापासून तशीच होती. मी ती रोज पाहत होते. मला वाटायचं, चाचण्या रांगेत असतील. ते बटण मला दाबता येत नाही, आणि ज्यांना येतं त्यांच्या यादीत मी नाही.

म्हणून नव्याने योगदान देणाऱ्या प्रत्येकाला माझं पहिलं सांगणं हेच आहे. प्रत्येक पुशनंतर पानाच्या तळाशी जाऊन ती ओळ वाचा. मंजुरी अडकली असेल तर ‘बघाल का’ असं मोघम लिहू नका. ‘चाचण्यांना मंजुरी हवी आहे’ असं नेमकं लिहा. माझं १५ तारखेचं वाक्य असं असतं तर ही सगळी गोष्ट जानेवारीतच संपली असती, अशी माझी खात्री आहे.

आणि प्रकल्प चालवणाऱ्यांसाठी पहिला निकष इथेच निघतो. मंजुरीअभावी चाचण्या धावल्याच नसतील तर ती पीआर शिळी नाही. तिच्यावर अजून कुणी काम सुरू केलेलं नाही.

२५ मे रोजी मी घाईत एक चूक केली. पीआर पुन्हा उघडेल तेव्हा ताजी असावी म्हणून ब्रांच मुख्य शाखेवर रिबेस करून फोर्स पुश केली, म्हणजे जुन्या कमिटच्या जागी नवे ढकलले. बंद पीआरच्या ब्रांचवर फोर्स पुश झाला की गिटहब ती पुन्हा उघडू देत नाही, मेंटेनरलाही नाही. मला तर तो हक्क आधीही नव्हता. स्वतः बंद केलेली पीआर स्वतःला उघडता येते, प्रकल्पाच्या बाजूने बंद झालेली येत नाही. शेवटी नवी पीआर टाकली. बाईंनी मंजुरी दिली, चाचण्या हिरव्या झाल्या आणि दोन दिवसांत बदल मुख्य शाखेत गेला. चौदा ओळी त्याच, एका अक्षराचाही फरक नाही. चाचणी का जोडली ती चर्चा मात्र जुन्या बंद पानावरच राहिली.

मी बाईंना लिहिलं की बॉट काढू नका, पण त्याला पाळी कुणाची आहे ते सांगा. सोडून दिलेल्या पीआर खरोखर असतात. त्यांच्या यादीतही तीन वर्षांपूर्वीच्या, दोनदा विचारूनही उत्तर न आलेल्या होत्या. त्या बंद व्हायलाच हव्यात. बाई म्हणाल्या, तुम्हीच बदल सुचवा. तो असा झाला:

```yaml
days-before-issue-stale: -1
days-before-pr-stale: 30
days-before-pr-close: 14
only-pr-labels: waiting-on-author
exempt-draft-pr: true
```

मेंटेनरने स्पष्ट प्रश्न विचारला किंवा बदल मागितला की तो हाताने `waiting-on-author` लेबल लावतो. घड्याळ फक्त त्या लेबलच्या पीआरवर चालतं. लेबल लावणं हाही बदल धरला जातो, म्हणून मोजणी तिथूनच सुरू होते. तीस दिवस उत्तर नाही तर सूचना, आणखी चौदा दिवसांनी बंद. सातचे चौदा करायला मी आग्रहाने सांगितलं, कारण परीक्षा, बाळंतपण, गावची लग्नं यांत आठवडा सहज जातो. लेबल नसेल तर पीआर कितीही जुनी होवो, बॉट तिला हात लावत नाही. ती यादी प्रकल्पाच्या डोळ्यांसमोर राहते, आणि ती लांबली तर ते प्रकल्पाचं काम आहे.

लेबल लावणं सोपं होतं, ते वेळेवर निघणं अवघड गेलं. लेखकाने पुश केला तरी लेबल तसंच राहिलं तर जुनाच अन्याय नव्या नावाने होणार. म्हणून पुश झाला की लेबल काढणारी एक छोटी वर्कफ्लो लिहिली. ती आधी `pull_request` या घटनेवर ठेवली होती आणि फोर्कमधून आलेल्या पीआरवर चालेचना. तिथे मिळणारं टोकन फक्त वाचण्यापुरतं असतं, आणि वर तीच मंजुरीची अट. `pull_request_target` आणि त्यात `synchronize` वापरल्यावर काम झालं. ती मुख्य शाखेतल्या फाइलवरून चालते, मंजुरीसाठी थांबत नाही आणि तिला लेबल बदलता येतं. एक पथ्य मात्र कडक पाळा. या वर्कफ्लोमध्ये पीआरमधला कोड उतरवून चालवायचा नाही, नाहीतर परक्या माणसाच्या कोडच्या हाती लिहिण्याचा हक्क जातो. फक्त लेबल काढायचं आणि थांबायचं.

एक त्रुटी उरली आहे. तिऱ्हाईत वापरकर्त्याने ‘कधी होणार?’ असं विचारलं तरी `Stale` लेबल निघतं आणि मोजणी पुन्हा सुरू होते. त्यामुळे एखादी सोडून दिलेली पीआर अशा प्रश्नांवर वर्षभर तग धरते. हालचाल म्हणजे प्रगती नव्हे, हे बॉटला शिकवता आलेलं नाही. असं दिसलं की मेंटेनरने स्वतः बंद करावी आणि हे काम दुसऱ्या कुणी पुढे न्यायला हरकत नाही, असं लिहावं.

कुबरनेटीस या मोठ्या मुक्त स्रोत प्रकल्पाची पद्धत मला त्या मानाने माणुसकीची वाटते. तिथे ९० दिवसांनी stale, मग ३० दिवसांनी rotten, आणखी ३० दिवसांनी बंद, आणि बंद करताना बॉट लेखकाला सांगतो की `/reopen` लिहून पुन्हा उघडा. किल्ली लेखकाच्या हातात राहते. आमच्याकडे तशी सोय नाही, म्हणून बंद होताना येणाऱ्या मजकुरात आम्ही दोन वाक्यं घातली: पुन्हा उघडायची असेल तर इथेच लिहा, आणि तोवर ब्रांचला हात लावू नका.

नवे नियम लावण्याआधी `debug-only: true` ठेवून एक फेरी काढा, हे राहिलंच सांगायचं. बॉट प्रत्यक्षात काही न करता काय केलं असतं ते नोंदवतो. आमच्या पहिल्या फेरीत मसुदा म्हणून ठेवलेल्या पीआरही त्यात दिसल्या, `exempt-draft-pr` ची ओळ त्यानंतर आली.

आणि माझ्यासारखा फोर्स पुश करून बसला असाल तर एक वाट आहे, मला ती फार उशिरा कळली. बंद होतानाचा कमिट `git reflog` मध्ये शोधा आणि तोच पुन्हा ब्रांचवर ढकला.

```
git reflog
git push -f origin 9f3c1a2:fix-zwj
```

ब्रांच बंद होतानाच्या कमिटवर परत आली की उघडण्याचं बटण पुन्हा चालू होतं. मेंटेनरला ते दाबायला सांगा, आणि रिबेस त्यानंतर करा.