छेदणाऱ्या रेषा आणि दोन गुणांचा फरक

प्रबंधाच्या मसुद्यात वाक्य होतं: "अध्यापन पद्धतीचा मुख्य परिणाम सार्थक आढळला नाही, F(1, 76) = 3.20, p = .078, म्हणजेच दोन्ही पद्धती सारख्याच परिणामकारक आहेत." चार ओळी खाली दुसरं: "नवशिक्यांना सोडवलेली उदाहरणे उपयोगी पडतात, तर अनुभवींना ती मारक ठरतात." दोन्ही वाक्यं एकाच टू-वे अनोव्हावरून लिहिलेली. पहिलं पूर्ण चूक, दुसरं अर्धं. माझ्याकडे सांख्यिकी तपासणीसाठी आलेल्या या प्रकरणावर अख्खा दिवस गेला, आणि त्यातला बहुतेक वेळ दुसऱ्या वाक्याच्या उत्तरार्धावर. (अभ्यास ओळखू येऊ नये आणि हिशोब हातानेही पडताळता यावा म्हणून खालचे आकडे बदलून सोपे केले आहेत.)

रचना साधी होती. ४० नवशिके आणि ४० अनुभवी विद्यार्थी. प्रत्येक गटातले निम्मे चिठ्ठ्या टाकून एका पद्धतीला, निम्मे दुसऱ्या पद्धतीला. पहिल्या पद्धतीत आधी पूर्ण सोडवलेली उदाहरणे अभ्यासायची, दुसरीत थेट स्वतः सोडवायला बसायचं. शेवटी सगळ्यांना एकच ३० गुणांची चाचणी. चार कप्पे, प्रत्येकात २० जण, आणि चारही कप्प्यांचं प्रमाण विचलन ५ च्या आसपास. मध्यमानं अशी:

| | सोडवलेली उदाहरणे | स्वतः सोडवणे |
|---|---|---|
| नवशिके | २१ | १५ |
| अनुभवी | २२ | २४ |

पहिलं वाक्य का चूक, ते या तक्त्यातच दिसतं. मुख्य परिणाम म्हणजे स्तंभांची सरासरी: २१.५ विरुद्ध १९.५, फरक २ गुण. पण हा २ गुणांचा फरक कुठल्याच गटाला लागू नाही. नवशिक्यांत फरक ६ आहे, अनुभवींत उणे २. सहा आणि उणे दोन यांची सरासरी काढली की दोन येतात, एवढाच त्याचा अर्थ. त्यावरून "पद्धती सारख्याच" म्हणणं म्हणजे तक्त्यातली सर्वांत मोठी गोष्ट पुसून टाकणं. अनुभवाच्या मुख्य परिणामाचंही तेच, फक्त तो सार्थक असल्यामुळे तिथे कोणाला शंका येत नाही. F(1, 76) = 20.00 वरून "अनुभवींना सरासरी ५ गुण जास्त" असं लिहिलं होतं. प्रत्यक्षात सोडवलेल्या उदाहरणांच्या स्तंभात हा फरक १ गुणाचा आहे आणि स्वतः सोडवण्याच्या स्तंभात ९ गुणांचा.

म्हणून पहिला बदल क्रमाचा. आंतरक्रिया आधी, मुख्य परिणाम नंतर आणि थोडक्यात. आंतरक्रियेचं एफ मूल्य १२.८० होतं, पण मसुद्यात ते फक्त तक्त्यात होतं, मजकुरात कुठेच नाही. आंतरक्रिया सार्थक आहे म्हणजे काय, हे आकड्याशेजारी लगेच लिहायला हवं: पद्धतीमुळे पडणारा फरक दोन्ही गटांत सारखा नाही; नवशिक्यांतला फरक (६) आणि अनुभवींतला फरक (−२) यांच्यात ८ गुणांचं अंतर आहे. आंतरक्रियेची चाचणी या ८ ची असते. फरकांमधला फरक. हा ८ आकडा मजकुरात आला की वाचकाला "आंतरक्रिया" या शब्दाशी झगडावं लागत नाही.

यापुढे साधे परिणाम, म्हणजे एका वेळी एकच गट घेऊन त्यात पद्धतीचा फरक तपासणं. मसुद्यात फाइलचे दोन भाग करून, नवशिक्यांवर एक टी-चाचणी आणि अनुभवींवर दुसरी, अशी केली होती. त्यामुळे त्रुटीचा अंदाज प्रत्येक वेळी ४० जणांवरूनच निघतो आणि स्वाधीनता मात्रा ७६ ऐवजी ३८ राहतात. चारही कप्प्यांत विखुरणं सारखं असताना ही माहिती वाया घालवायचं कारण नाही. पूर्ण प्रतिमानाचाच त्रुटी वर्ग-मध्यमान (इथे २५) वापरायचा. अर्थात एका गटाचं प्रमाण विचलन ३ आणि दुसऱ्याचं ८ असतं, तर एकत्रित अंदाज एका गटाला अन्यायकारक झाला असता आणि वेगळी चाचणीच बरोबर ठरली असती. म्हणून आधी चार प्रमाण विचलनं बघायची, मग ठरवायचं.

एसपीएसएसमध्ये संवादचौकटीतून प्रतिमान मांडून Paste दाबायचं आणि EMMEANS ची ओळ अशी करायची:

```
UNIANOVA score BY method exper
  /EMMEANS=TABLES(method*exper) COMPARE(method)
  /DESIGN=method exper method*exper.
```

आर वापरणाऱ्यांसाठी:

```r
m <- aov(score ~ method * exper, data = d)
library(emmeans)
pairs(emmeans(m, ~ method | exper))
```

COMPARE च्या कंसात ज्याचा फरक बघायचा तो घटक येतो. तिथे exper लिहिलं तर उलटा छेद मिळतो, म्हणजे प्रत्येक पद्धतीत नवशिके विरुद्ध अनुभवी. चूक संदेश काही येत नाही, त्यामुळे ही अदलाबदल सहज निसटते. कोणता छेद घ्यायचा हे संशोधन प्रश्नावरून आधीच ठरवावं. प्रश्न "कोणाला कोणती पद्धत द्यावी" असा होता, म्हणून गट स्थिर ठेवून पद्धतीचा फरक बघितला.

निकाल असा आला. नवशिके: F(1, 76) = 14.40, p < .001. अनुभवी: F(1, 76) = 1.60, p = .210. कप्प्यांतली संख्या समान असली की इथे एक सुंदर पडताळा करता येतो. दोन साध्या परिणामांची बेरीज १४.४० + १.६० = १६.००, आणि पद्धतीचा मुख्य परिणाम अधिक आंतरक्रिया ३.२० + १२.८० = १६.००. दोन्ही जुळायलाच हवेत, कारण तीच वर्गांची बेरीज दोन तऱ्हांनी वाटली जाते. जुळलं नाही, तर उलटा छेद घेतला गेलाय किंवा त्रुटीचा भाजक बदललाय. कप्प्यांतली संख्या असमान असेल तर हा पडताळा लागू पडत नाही.

संशोधक विद्यार्थिनीचा प्रश्न इथेच आला. "मॅडम, आलेखात रेषा एकमेकींना छेदतायत. मग अनुभवींना उदाहरणं मारक ठरली असं म्हणायला काय हरकत?"

हरकत अशी की रेषा छेदतात त्या नमुन्यातल्या मध्यमानांच्या. अनुभवींतला २ गुणांचा फरक सार्थक नाही, आणि ९५ टक्के विश्वास अंतराल −५.१५ ते १.१५ असा आहे. उदाहरणांमुळे अनुभवींचं पाच गुणांचं नुकसान होतं, इथपासून ते एखाद्या गुणाचा फायदा होतो, इथपर्यंतच्या सगळ्या शक्यता त्यात बसतात. आंतरक्रिया सार्थक आहे याचा अर्थ दोन फरक एकमेकांपासून वेगळे आहेत, इतकाच. त्यातला एक शून्याच्या पलीकडे गेला आहे, हे ती सांगत नाही. याच अंतरालामुळे "अनुभवींवर पद्धतीचा परिणाम होत नाही" हेही लिहिता येत नाही. पाच गुण ही काही दुर्लक्ष करण्याजोगी शक्यता नाही.

मग तिने उलट बाजूने विचारलं: एका गटात सार्थक आणि दुसऱ्यात नाही, एवढं दाखवलं तर आंतरक्रियेची चाचणी हवी कशाला? याचं उत्तर याच आकड्यांत दडलेलं आहे. समजा, अनुभवींची मध्यमानं उलट असती, उदाहरणांत २४ आणि स्वतः सोडवण्यात २२. साधे परिणाम तेच राहतात: १४.४० आणि १.६०, पी मूल्यंही तीच. एका गटात सार्थक, दुसऱ्यात नाही. पण आता फरकांमधला फरक ८ नसून ४ आहे, आणि आंतरक्रियेचं एफ मूल्य १२.८० वरून ३.२० वर येतं, p = .078. दोन गटांत पद्धत वेगळी वागते असं म्हणायला आता पुरेसा आधार उरत नाही. पी मूल्यांची ही जोडी दोन्ही प्रसंगांत अक्षरशः एकच, निष्कर्ष मात्र वेगळे. म्हणून "नवशिक्यांत सार्थक, अनुभवींत नाही" या वाक्याच्या आधी आंतरक्रियेचा आकडा असलाच पाहिजे. माझ्या मते हा या प्रकारच्या अहवालांतला सर्वांत सहज लपणारा दोष आहे, कारण छापलेला प्रत्येक आकडा बरोबर असतो.

बॉन्फेरोनी दुरुस्तीबद्दल थोडंसं. COMPARE ला ADJ(BONFERRONI) जोडलं तरी ती दुरुस्ती प्रत्येक गटाच्या आतल्या तुलनांपुरतीच होते. इथे प्रत्येक गटात एकच तुलना असल्याने आकडे हलत नाहीत. दोन साध्या परिणामांसाठी दुरुस्ती हवी असेल तर मर्यादा स्वतःच .०२५ धरायची आणि तसं मजकुरात लिहायचं.

संध्याकाळपर्यंत निकालाचा परिच्छेद असा झाला:

"पद्धत आणि अनुभव यांची आंतरक्रिया सार्थक आढळली, F(1, 76) = 12.80, p < .001, ηp² = .14, म्हणजे पद्धतीमुळे पडणारा फरक अनुभवानुसार बदलत होता. प्रत्येक गटात पद्धतीचा साधा परिणाम पूर्ण प्रतिमानाच्या त्रुटीवरून तपासला (α = .025). नवशिक्यांमध्ये सोडवलेली उदाहरणे अभ्यासणाऱ्यांना (M = 21) स्वतः सोडवणाऱ्यांपेक्षा (M = 15) सरासरी ६ गुण जास्त मिळाले, F(1, 76) = 14.40, p < .001, ९५ टक्के विश्वास अंतराल [2.85, 9.15]. अनुभवींमध्ये सार्थक फरक आढळला नाही (M = 22 आणि 24), F(1, 76) = 1.60, p = .210, अंतराल [−5.15, 1.15]. अनुभवाचा मुख्य परिणाम सार्थक होता, F(1, 76) = 20.00, p < .001, आणि पद्धतीचा नव्हता, F(1, 76) = 3.20, p = .078; मात्र आंतरक्रियेमुळे या दोन्ही सरासरींचा स्वतंत्र अर्थ लावलेला नाही."

प्रमाण विचलनं वर्णनात्मक तक्त्यात होतीच, म्हणून इथे पुन्हा दिली नाहीत.

चर्चेच्या भागात आकडे न देता सांगायचं होतं, आणि तिथे आणखी एक सांभाळावं लागलं. पद्धत चिठ्ठ्या टाकून ठरली होती, अनुभव नाही. त्यामुळे नवशिक्यांतली गुणवाढ पद्धतीमुळे झाली असं म्हणता येतं. पण दोन गटांत पद्धत वेगळी वागली ती अनुभवामुळेच, असं म्हणता येत नाही. वय, आधीची तयारी, गोडी, यांतलं काहीही अनुभवासोबत आलेलं असू शकतं. तिने लिहिलं: "नवशिक्या विद्यार्थ्यांना आधी सोडवलेली उदाहरणे दिल्याने चाचणीत ३० पैकी सुमारे ६ गुणांची भर पडली. अनुभवी विद्यार्थ्यांसाठी कोणती पद्धत चांगली, हे या माहितीवरून ठरत नाही." सारांशातलं "मारक" काढलं, आणि आलेखातल्या चारही बिंदूंवर विश्वास अंतरालाच्या उभ्या रेघा काढल्या. उजवीकडच्या, म्हणजे अनुभवींच्या, दोन बिंदूंच्या रेघा एकमेकींवर भरपूर चढलेल्या होत्या.