हातखंब्यातलं पंप-प्रशिक्षण: रत्नागिरी जिल्ह्यातल्या डीलरांना एका दिवसासाठी बोलवायचं तर

कार्तिकातला बुधवार, जागा हातखंबा. गुहागर, चिपळूण, देवरूख, रत्नागिरी, लांजा आणि राजापूर इथल्या २८ दुकानांना बोलावणं होतं. विषय एकच: विहिरीवरचा एक एचपी सिंगल फेज मोनोब्लॉक पंप उन्हाळ्यात पाणी ओढायचं का थांबतो, आणि ती तक्रार वॉरंटीत का बसत नाही. कोल्हापूरहून सामानाची गाडी आंबा घाटाने आदल्या दिवशी दुपारीच आली. पहाटे निघून त्याच दिवशी मांडणी करण्याचा बेत करू नये. पिंप भरणं, पाइप जोडणं आणि गळती शोधणं यातच तीन तास जातात.

तारीख ठरवताना आधी पंचांग पाहावं. पावसाळ्यात कोणी येत नाही, एप्रिल-मे आंब्याचे, फाल्गुनात शिमग्याच्या पालख्या आणि भाद्रपदात गणपती. दिवाळी उरकल्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचे आठवडे खरे कामाचे, कारण विहिरींची पातळी उतरायला लागण्याआधीच दुकानदाराच्या हाती ही माहिती पडते. वार निवडताना सोमवार, गुरुवार, शनिवार, संकष्टी आणि एकादशी टाळली. या दिवशी निम्मे लोक मासे खात नाहीत आणि जेवणाचा अंदाज कोलमडतो. मार्गशीर्ष लागला की ही अडचण आणखी वाढते.

हॉल रत्नागिरी शहरात न घेता हातखंब्याला घेतला, तो रस्त्यांमुळे. चिपळूण, लांजा आणि राजापूरच्या गाड्या मुंबई-गोवा महामार्गावरून थेट येतात, शहरात शिरून पुन्हा बाहेर पडायला नको. गुहागरची मंडळी तवसाळ-जयगड फेरीबोटीने पलीकडे उतरून निवळीमार्गे आली, नाहीतर चिपळूणचा वळसा पडला असता. फक्त फेरी चुकली तर पुढची येईपर्यंत जेटीवर ताटकळावं लागतं. म्हणून त्यांना आदल्या दिवशीच जेटीवरच्या वेळा विचारून घ्यायला सांगावं आणि सुरुवातीला अर्ध्या तासाची सवड ठेवावी. रत्नागिरीकरांना बारा-तेरा किलोमीटर बाहेर यावं लागलं, पण सगळ्यांत कमी त्रास त्यांचाच होता.

दिवसाचं वेळापत्रक शेवटाकडून मांडावं. दूरच्या दुकानदाराला अंधार पडायच्या आत घर गाठायचं असतं, म्हणून ३.१५ ला संपवायचं हे आधी पक्कं केलं. त्यावरून दहाला चहा-पोहे, साडेदहाला सुरुवात, एकला जेवण आणि दोनला पुन्हा काम असं ठरलं. सुटण्याची वेळ निमंत्रणात लिहिली नाही तर माणूस दुपारी जेवून हळूच निघतो. मजकूर असा पाठवला:

“नमस्कार शेठ. बुधवारी हातखंब्याला पंप-प्रशिक्षण आहे. चहा-पोहे १० वाजता, काम १०.३० ला सुरू, ३.१५ ला नक्की संपेल. आपण आणि आपल्याकडे फिटिंग करणारा मिस्त्री, असे दोघे या. गाडीखर्च जेवणाआधी मिळेल. तीन गोष्टी कळवा: किती जण, मासे की शाकाहारी, आणि गाडी कुठून येणार.”

मेसेज आठ दिवस आधी गेला, पण खरा आकडा कळला तीन दिवस आधी केलेल्या फोनवर. नुसतं “येतो” हे उत्तर धरू नये. “गाडीत कोण कोण बसणार?” असं विचारलं की नक्की काय ते कळतं. मिस्त्रीचं नाव वेगळं विचारावं. मालक कंपनीचं बोलणं ऐकून जातो, विहिरीवर मात्र मिस्त्रीच उभा असतो. यावेळी २८ पैकी २५ दुकानं आली, माणसं ४१ झाली. पण मिस्त्री १६च होते, कारण काही ठिकाणी आमची विनंती मालकापाशीच थांबली. पुढच्या वेळी मिस्त्रीला स्वतंत्र फोन करावा.

प्रवासखर्चासाठी बिलं मागू नयेत, पेट्रोलच्या पावत्या सांभाळायच्या कोणी? अंतर आधीच ठरवून चारचाकीला किलोमीटरला १२ रुपये आणि दुचाकीला ५ रुपये असा दर निमंत्रणासोबत कळवला. चिपळूणहून जाऊन-येऊन १६० किलोमीटर धरले, म्हणजे गाडीला १,९२० रुपये. पैसे माणशी दिले नाहीत, गाडीमालकालाच दिले. त्यामुळे चिपळूणची सहा दुकानं आपसांत ठरवून दोन गाड्यांत आली. वहीत दुकान, गाडी नंबर, अंतर आणि सही एवढंच घेतलं. ही वाटणी जेवणाआधीच उरकावी. शेवटी ठेवली की रांग लागते आणि ३.१५ चे चार वाजतात.

आता खरा विषय. हॉलमध्ये २०० लिटरचं पिंप, त्यातूनच पाणी ओढून त्यातच सोडणारा मोनोब्लॉक, सक्शनवर एक व्हॉल्व्ह आणि व्हॅक्यूम गेज अशी मांडणी केली. व्हॉल्व्ह हळूहळू आवळला की गेजचा काटा चढतो, जणू विहिरीतलं पाणी खाली जातंय. काटा ५०० मिलिमीटर पाऱ्यापाशी आला म्हणजे साधारण ६.८ मीटर उचल झाली. त्याच सुमारास धार तुटली आणि पंपात खडे फिरल्यासारखा आवाज आला. हा आवाज प्रत्येक मिस्त्रीला पंपाला कान लावून ऐकवला, कारण शेतकरी हाच आवाज “बेअरिंग गेलं” म्हणून सांगतो.

मग एक उदाहरण सोडवलं. जांभ्यातली ११ मीटर खोल विहीर, पंप काठावर. नोव्हेंबरात पाणी ३ मीटरवर, एप्रिलअखेर ८ मीटरवर. व्यवहारात मोनोब्लॉक ६-७ मीटरच्या पलीकडे ओढत नाही, त्यात फूटव्हॉल्व्ह आणि पाइपचं घर्षण आलं. म्हणजे हा पंप मार्चमध्ये थांबणारच, कपॅसिटर कितीही बदलला तरी. उपाय दोन: पंप विहिरीत ओट्यावर खाली उतरवणं, नाहीतर ओपनवेल सबमर्सिबल देणं. विकतानाच “उन्हाळ्यात पाणी किती खाली जातं?” हे विचारलं तर पंप परत यायचं टळतं. मात्र पंप भरून ठेवल्यावर रात्रीत पाणी उतरत असेल तर फूटव्हॉल्व्ह किंवा सक्शनचा जोड गळतोय, हे आधी तपासावं.

विजेने घोळ घातला. हॉलमधल्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर पहिल्याच सुरुवातीला एमसीबी पडला. चालताना ६-७ अँपिअर घेणारी मोटर सुरू होताना ३० च्या आसपास ओढते. मग १६ अँपिअरच्या सॉकेटवरून ३० मीटर एक्स्टेंशन आणलं. त्याची वायर १ चौरस मिलिमीटरची, त्यामुळे सुरुवातीला तीसेक व्होल्ट वायरीतच गेले आणि मोटर नुसती गुणगुणली. २.५ ची वायर लावल्यावर घट तेराच्या घरात आली आणि मोटर उचलली. वायर चढवताना मिस्त्री मंडळींनी स्वतः मीटर लावून हे मोजलं, आणि दिवसातली सर्वांत ठाम चर्चा त्यावर झाली. गावातल्या लांब सर्व्हिस वायरचीही हीच कथा. ही फेरी सत्रात मुद्दाम घ्यावी, पण हॉलचा अर्थिंग आधी तपासून आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवूनच. पिंपाजवळची फरशी ओली होते.

जेवणात सुरमईचा एक तळलेला तुकडा, बांगड्याचं तिखलं, तांदळाची भाकरी, भात, सोलकढी. शाकाहारी ताटात काळ्या वाटाण्याची उसळ. माशाची ऑर्डर आदल्या संध्याकाळच्या आकड्यावर दिली आणि पाच ताटं जास्त सांगितली. चार लागली, कारण मासे मांडले की शाकाहारी सांगितलेलेही एखाददोघे पंगत बदलतात. भात झाल्यावर भाषण चालत नाही, म्हणून दुपारी खुर्च्या बाजूला सारल्या. परत आलेले सहा पंप तीन टेबलांवर उघडायला दिले आणि प्रत्येकाच्या तक्रारीचा फॉर्म त्याच टेबलावर भरायला लावला. सहापैकी दोघांत झिजलेलं मेकॅनिकल सील निघालं, कारण पंप कोरडा चालला होता. त्या दोन फॉर्मवर दुकानदारांनी स्वतःच “वॉरंटीत नाही” लिहिलं. शेवटची गाडी ३.२५ ला जयगडच्या दिशेने निघाली.