चारशे त्र्याहत्तर

गुरुवार, रात्री साडेदहा

आज बंद भाव 531. मी विकला 473 ला. ॲपमधून तो शेअर काढून टाकला होता, तरी संध्याकाळी फेरीबोटीवर बोटं आपोआप तिकडेच गेली. चोडणला उतरेपर्यंत तीनदा पाहिला. शेजारच्या स्कूटरवाल्याने विचारलं, "कितें रे, परत मार्केट?" मी म्हटलं, नाही रे, हवामान बघतोय.

मी नियम मोडला नाही. हे आधी लिहून ठेवतो, कारण हेच खुपतंय. नियम मोडून तोटा झाला असता तर स्वतःला शिव्या देऊन झोपलो असतो. इथे सगळं वहीत लिहिल्याप्रमाणे केलं, नफाही झाला, आणि तरी कोणी खिसा कापल्यासारखं वाटतंय.

वही उघडून बसलोय. 412 ला 200 शेअर. पहिला स्टॉप, म्हणजे विकून बाहेर पडायचा भाव, 396; 3,200 ची जोखीम, नेहमीचीच. मग शेअर सरासरी रोज अडीच रुपयांच्या चालीने 488 पर्यंत गेला. तिथे वीस दिवसांची सरासरी होती 464. माझा नियम असा की बंद भाव या सरासरीखाली आला तर दुसऱ्या दिवशी सकाळी विकायचं. म्हणजे माझ्याकडे 24 रुपयांची जागा होती. ऐसपैस.

त्यानंतर काहीच झालं नाही. अक्षरशः काहीच नाही. आठ दिवस शेअर 477 ते 488 मध्ये लोळत होता. पडला नाही, चढला नाही. आणि त्या आठ दिवसांत सरासरी 464 वरून 477 ला पोचली. कारण वीस दिवसांच्या हिशोबातून रोज एक जुना, 440-460 चा भाव गळत होता आणि त्या जागी 482 च्या आसपासचा येत होता. नवव्या दिवशी बंद भाव 474, सरासरी 478. संपलं. दुसऱ्या दिवशी सव्वानऊनंतर, रायबंदरच्या धक्क्याला फळी टेकायच्या आत, मागच्या मोटरसायकली घुरघुरत असताना, पावसाने ओला झालेला फोन शर्टाला पुसून 473 ला विकला.

म्हणजे भावाने मला बाहेर काढलं नाही, दिवसांनी काढलं. चढण संथ असो की वेगवान, वीस दिवसांची साधी सरासरी भावाच्या साधारण साडेनऊ दिवस मागून चालते. शेअर पळत असेल तर तिच्यात नि भावात बरंच अंतर राहतं. तो थांबला की ती मागून येऊन गाठतेच. विश्रांती आणि आजार यांतला फरक तिला कळत नाही. (सुमनलाही माझ्या बाबतीत कळत नाही, ते असो.)

स्विंग लोवर स्टॉप ठेवला असता तर? शेवटचा स्विंग लो 452 चा होता. दोन्ही बाजूंच्या दोन-दोन दिवसांच्या कॅन्डलपेक्षा खाली गेलेला तळ, म्हणजे दोन दिवस उशिराच कळणारा, पण एकदा कळला की तो जागचा हलत नाही. त्याच्या दोन रुपये खाली, 450 ला, आपोआप विकणारा जीटीटी लावून विसरलो असतो. शेअर आठ दिवस लोळला काय, महिना लोळला काय, 450 तो 450. मी विकल्यावर दोन दिवसांनी तो 459 पर्यंत घसरला आणि तिथून उठला. 450 ला कोणी शिवलंसुद्धा नाही.

भाई फोनवर म्हणाला, "तूच म्हणायचास ना, स्विंग लो बरा म्हणून?"

म्हणायचो. आणि का सोडला, ते मला नीट माहीत आहे. चैत्रातला तो 148 चा सौदा. 151 ला स्विंग लो झाला, आणि तिथून अकरा दिवसांत एकही मागचं पाऊल न घेता शेअर 213. खाली पायरीच नाही, तर स्टॉप कुठे सरकवणार? तो राहिला 149 वर. मग भाव आला तसा गेला, एका सकाळी गॅप डाउन, म्हणजे थेट स्टॉपच्या खालीच, उघडला आणि माझी ऑर्डर 147 ला लागली. 213 पाहिलेल्या माणसाच्या हाती उणे एक रुपया. त्या वेळी वीस दिवसांची सरासरी शेंड्यावर 169 ला होती. तीही काही जवळ नव्हती, पण निदान वीस रुपये हाती लागले असते. त्या रात्री वहीत लाल शाईने लिहिलं: यापुढे सरासरी.

म्हणजे नियम मोडला नाही, पण आधीच्या जखमेवरून नियम बदलला. धावत्या शेअरने पोळलं म्हणून औषध घेतलं, आणि ते लावलं चालत्या शेअरला. चढणाऱ्या शेअरला थांबायची सवय असेल तर सरासरी त्याचा गळा आवळणार. न थांबता सुटलेल्या शेअरला स्विंग लो मोकळा सोडणार. दोघांचे दोष बरोबर उलटे आहेत, आणि मी प्रत्येक वेळी चुकीच्या शेअरला चुकीचा...

नाही, थांब. हे रडगाणं झालं. आकडे पुन्हा बघतो.

स्विंग लोवर बसलो असतो तर आज काय असतं? 459 नंतर शेअर सरळ वर गेलाय, दुसरा स्विंग लो झालेलाच नाही. म्हणजे आज 531 असला तरी स्टॉप असता 457 वर. 412 मधून 457: शेअरमागे 45 रुपये सुरक्षित. आणि उद्या गॅप डाउन आला तर तेही नाहीत. मी 473 ला विकून 61 घेतले, 12,200. गंमत आहे. ज्याच्यावर मी दुपारपासून जळतोय, त्या "दुसऱ्या मी"च्या हातात आज माझ्यापेक्षा कमी पक्कं आहे. 531 त्याच्या स्क्रीनवर आहे, खिशात नाही. चैत्रात माझ्याही स्क्रीनवर 213 होते.

हे लिहिल्यावर हसू आलं. संध्याकाळपासून पहिल्यांदाच.

अर्थात तो उद्या 600 ला गेला तर पुन्हा रडेन. स्वतःला ओळखतो.

भाईचा उपाय तयारच आहे: अर्धे सरासरीवर, अर्धे स्विंग लोवर. करून पाहिलंय. शंभर शेअर लवकर गेले म्हणून रडतात आणि उरलेले शंभर उशिरा गेले म्हणून.

दुसऱ्या शेअरचं ठरवायचं होतं, ते मात्र आज केलं. भाव 330. सरासरी 322 ला. स्विंग लो 312, दोन रुपये सोडून स्टॉप 310. सरासरीचा स्टॉप धरला तर आठ रुपयांची जोखीम, 3,200 मध्ये 400 शेअर बसतात. स्विंग लो धरला तर वीस रुपये, म्हणजे फक्त 160. चारशेचा आकडा बघून हात शिवशिवला. पण हा शेअर दर दहा-बारा दिवसांनी बसकण मारणारा आहे, गेल्या वर्षभराचा चार्ट समोर आहे. 160 ची ऑर्डर टाकली, 310 ला जीटीटी लावला. 322 च्या खाली बंद झाला तर मला राग येणार आहे, हेही तारखेसकट लिहून ठेवलं.

सुमन विचारतेय, माटोळीची दोरी कुठे ठेवली. चवथ झाल्यापासून दिसली नाही म्हणे. मला काय माहीत.