आम्ही म्हणजे कोण कोण

रविवार, रात्री पावणेअकरा

गेल्या रविवारचं भांडण आज कुठं नीट उलगडलं. विसरायच्या आत लिहून ठेवते.

झालं ते एवढंच. दुपारी मी भाकऱ्या थापत होते आणि नवरा दारातून म्हणाला, "संध्याकाळी आम्ही रंकाळ्यावर जातो." मी मान वर न करता म्हटलं, "जा की!" मला वाटलं, शिरोलीच्या एमआयडीसीतली त्याची कंपनी जमलेली असणार. महिन्यातून एकदा ती पोरं भेटतातच. मी निवांत कपाट आवरायला घेतलं. साडेपाचला बघते तर हा इस्त्रीचा शर्ट घालून, बूट चढवून जिन्यात बसलेला. कुणाची तरी वाट बघत असेल म्हणून मी परत आत आले. सव्वासहाला तो एकटाच गेला. आठला परत आला, बूट रांगेत नीट ठेवले आणि म्हणाला, "तुम्ही जेवून घ्या."

आता हे 'तुम्ही' मला समजायला हवं होतं. तो धारवाडचा. तिथं दूधवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांच्या मागं 'री' लागतं: बर्री, हौद्री, एन्री. घरात मात्र मी 'तू'च. पण राग आला की त्याचा आदर वाढतो. आवाज खाली जातो, वाक्यं पूर्ण आणि सरळ होतात, आणि मी 'तुम्ही' होते. आमच्या घरात राग म्हणजे भांड्यांचा आवाज. त्यामुळं लग्नाला चार वर्षं झाली तरी त्याचं 'तुम्ही' ऐकून मला पहिल्यांदा हसूच येतं. वाटतं, नाटकातला जहागीरदार बोलतोय. त्या रविवारीही तसंच झालं. मी म्हटलं, "काय रे खुळ्या, लई मान द्यायलायस आज?"

त्यावर तो शांतपणे म्हणाला, "मला थोडी मर्यादा द्या."

मी फुटले. हसून हसून पोळपाटावर टेकले. मर्यादा द्या! म्हणजे काय, वेशीला दोरी बांधू? त्यानं ताट सरकवलं आणि आत जाऊन झोपला. कन्नडमध्ये 'मर्यादे' म्हणजे मान, आदर. 'मर्यादे कोट्टु माताडु' म्हणजे मान देऊन बोल. तो बिचारा काळजातलं सांगत होता आणि मला फक्त 'हद्द' ऐकू आली.

मग मी समजूत काढायला गेले, ती आणखी वाईट. म्हटलं, "अरे, चेष्टा केली." आपल्याकडं एवढं म्हटलं की विषय मिटतो. त्याच्याकडं 'चेष्टे' म्हणजे खोडी, व्रात्यपणा. द्वाड पोरं करतात ती. म्हणजे त्यानं ऐकलं ते असं: होय, मुद्दाम तुझी खोडी काढली. गमतीला ते म्हणतात 'तमाषे', म्हणजे आपला तमाशा. हा लग्नानंतर पहिल्या दिवाळीत माझ्या आईला म्हणाला होता, "आई, मी फक्त तमाशा करत होतो." आईनं पदर तोंडाला लावला. जावई चारचौघांत उभा राहून कबूल करतोय की मी तमाशा करत होतो!

एक गोष्ट आता माझ्या लक्षात यायला लागलीय. जो शब्द मला मुळातच येत नाही, तिथं काही बिघडत नाही. मी विचारते, तो सांगतो, झालं. दगा देतात ते दोन्ही घरचे शब्द. मर्यादा, चेष्टा, तमाशा. ऐकणारा थांबतच नाही, कारण त्याला वाटतं आपल्याला कळलं.

'खुळ्या'चंही तेच. माझ्या तोंडात ते येता-जाता असतं. मैत्रिणीला, भावाला, मांजरालासुद्धा. त्यानं सुरुवातीला कामावर कुणाला तरी अर्थ विचारला. त्या माणसानं प्रामाणिकपणे सांगितलं, वेडा. त्यानं मनात त्याचं 'हुच्च' केलं. त्याच्या घरात हा शब्द फक्त कडाक्याच्या भांडणात निघतो. म्हणजे मी दिवसातून दहादा लाडात येत होते आणि हा दहादा घाव झेलत होता. दीड वर्ष! बोलला नाही. कधीतरी एकदा नुसतं 'तुम्ही' म्हणाला असेल, आणि मी हसले असेन.

(शिवाय मी घरात 'मी आलो', 'मी करतो' असंच बोलते, इथल्या बऱ्याच बायका बोलतात तसं. वहीत मात्र शाळेतली 'आले', 'करते' येते. त्यानं मराठी पुस्तकावरून शिकायला घेतली तेव्हा पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "पुस्तक चुकीचं आहे की तू?")

तर मूळ मुद्दा. आज सकाळी चहा पिताना तो म्हणाला, "त्या दिवशी मी बोलावलं, तू आली नाहीस." मी म्हटलं, कधी बोलावलंस? "म्हणालो की, आम्ही रंकाळ्यावर जातो." आणि माझ्या डोक्यात ट्यूब पेटली.

कन्नडमध्ये 'नावु' हा एकच शब्द. समोरचा त्यात धरलाय की वगळलाय, ते शब्द सांगत नाही, प्रसंगावरून ओळखायचं. हिंदीतल्या 'हम'सारखं. आपल्याकडं दोन: 'आपण' म्हटलं की तू आत, 'आम्ही' म्हटलं की तू बाहेर. तमिळ, तेलुगूतही असे दोन आहेत, कन्नडच्या सख्ख्या बहिणी असून. कन्नड मात्र एकावर भागवते. त्यानं मनात 'नावु' म्हटलं, तोंडातून 'आम्ही' आलं आणि मी माझ्याच नवऱ्याच्या बाहेर पडले. त्यात माझं 'जा की!'. हे आपलं मोकळेपणाचं, खुशाल जा. त्याला ते 'जा तिकडं' वाटलं. तरी पाऊण तास जिन्यात बसला, ही येईल म्हणून.

दोघंही थोडा वेळ गप्प. मग त्यानं विचारलं, "म्हणजे चार वर्षं मी तुला बाहेर ठेवत होतो?" मोजायला बसलो असतो तर दिवस पुरला नसता. 'आम्ही नवीन फ्रिज घेऊया', 'आम्ही कधी मूल…' तेव्हा मला वाटलं होतं, त्याच्या घरचे काहीतरी म्हणतायत. त्या रात्री मी उगाच रडले होते. ते आज त्याला सांगितलं. त्यानं चष्मा काढून पुसला, बराच वेळ.

दुपारभर 'आपण'ची तालीम चालली. पण 'आपण'ही काही सरळ नाही. मोठ्या माणसाला 'आपण बसावं' म्हणतो तेही हेच. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात सुटे नव्हते, तर हा ऐटीत म्हणाला, "राहू दे, आपण उद्या पैसे देऊ." दुकानदार म्हणाला, "मी कशाला देऊ? माझंच येणं हाय की." मी बाहेर येईपर्यंत हसू दाबलं. बाहेर आल्यावर आधी विचारलं, हसू का? आता तसंच ठरलंय. 'तुम्ही' ऐकलं की मी हसायचं नाही, थांबून विचारायचं. आणि 'खुळ्या'ला त्यानं कामावरच्या माणसाचा अर्थ लावायचा नाही. तो म्हणाला, प्रयत्न करतो, पण कानाला सवय लागायला वेळ लागेल.

जेवल्यावर सासूबाईंचा फोन आला. पुढच्या शनिवारी येताय का, विचारत होत्या. मी ठरवून कन्नडमध्ये बोलले, हळूहळू, 'ना'च्या जागी 'नी' पडू नये म्हणून जपून, नाहीतर आम्हीचं तुम्ही होतं. "नावु बर्तीवि." आम्ही येतो.

पलीकडून आवाज आला, "यार्‍यारु?"

कोण कोण?